फोटो हलका झाला, पुरावा गेला : चेहरा बदललेला ओळखणारी यंत्रं कुठे अडखळतात?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल किंवा बसमध्ये इअरफोन विसरला असाल, तर त्याचा हा लिखित अवतार. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. एखाद्या मुलीचा चेहरा कोणीतरी दुसऱ्याच बाईच्या अंगावर चिकटवला आणि तो फोटो चार ग्रुपमध्ये फिरला. ती म्हणते, ही मी नाही. आता तुम्ही तो फोटो एखाद्या ‘डीपफेक डिटेक्टर’मध्ये टाकला आणि उत्तर आलं : खरा असण्याची शक्यता ८० टक्के. विश्वास कोणावर ठेवायचा? त्या मुलीवर की यंत्रावर?

याचं उत्तर द्यायला मला तुम्हाला थेट १९७२ सालात न्यावं लागणार आहे. कारण या गोष्टीत दोन इतिहास आहेत. एक फोटो हलका करण्याचा आणि दुसरा खोटा फोटो पकडण्याचा. हे दोन्ही बरीच वर्षं आपापल्या वाटेने चालले आणि मग एकमेकांवर आदळले.

बंगळुरूचा एक माणूस आणि ६४ ठिपके

नासिर अहमद हे बंगळुरूत जन्मलेले इंजिनिअर. ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती कल्पनेसाठी पैसे मागितले. प्रस्ताव नाकारला गेला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये एक छोटा शोधनिबंध छापला. त्या गणिताचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी. १९९२ मध्ये जेपीईजी हे फोटो साठवण्याचं मानक आलं, ते याच गणितावर उभं आहे. तुमच्या फोनमधल्या गॅलरीत आज जे काही आहे, त्यातलं बरंचसं या गणितातून गेलेलं आहे.

हे करतं काय? फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. म्हणजे एका चौकोनात ६४ ठिपके. या ६४ ठिपक्यांऐवजी ते ६४ वेगळे आकडे लिहितं. पहिला आकडा सांगतो, चौकोन एकूण किती उजळ आहे. पुढचे आकडे सांगतात, त्यात हळूहळू बदलणाऱ्या छटा किती आहेत. आणि अगदी शेवटचे आकडे सांगतात, त्यात बारीक, एकाआड एक ठिपका बदलेल इतकी सूक्ष्म नक्षी किती आहे.

इथपर्यंत काहीच हरवलेलं नाही. हरवतं ते पुढच्या पायरीत. प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या संख्येने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणायचं. जेपीईजीच्या मानकात उदाहरण म्हणून जो तक्ता दिलाय, त्यात पहिल्या आकड्याचा भाजक १६ आहे आणि अगदी शेवटच्या, म्हणजे सगळ्यात बारीक नक्षीच्या आकड्याचा भाजक ९९ आहे.

करून बघू या. समजा चौकोनाचा पहिला आकडा ६४० आहे. भागिले १६, उत्तर ४०. छान टिकला. आता शेवटचा आकडा समजा २० आहे. भागिले ९९, म्हणजे साधारण ०.२. जवळचा पूर्णांक शून्य. गेला. आणि तोच आकडा २० ऐवजी ४ असता तर? तरीही शून्यच. फोटो परत उघडताना यंत्र शून्याला ९९ने गुणतं आणि शून्यच मिळतं. मुळात तिथे २० होते की ४, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

हे २० आणि ४ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हा तक्ता मुद्दाम असा केलाय, कारण माणसाच्या डोळ्याला ढोबळ छटा नीट कळतात आणि अतिबारीक नक्षी फारशी कळत नाही. जे डोळ्याला दिसत नाही ते साठवायचं कशाला, हा त्यामागचा विचार. फोटो बघायचा असेल तर विचार अगदी रास्त आहे. फोटो तपासायचा असेल तर मात्र पंचाईत होते.

२०१७ : चेहरा बदलण्याचा घरगुती कारखाना

आता दुसरा इतिहास. २०१७ च्या शेवटी रेडिट या साइटवर ‘डीपफेक्स’ नाव घेतलेल्या एका वापरकर्त्याने अभिनेत्रींचे चेहरे अश्लील व्हिडिओंवर चढवून टाकायला सुरुवात केली. आज आपण वापरतो तो शब्द तिथूनच आला. म्हणजे या तंत्राचा जन्मच बाईच्या परवानगीशिवाय तिचा चेहरा वापरण्यातून झालाय, हे विसरायला नको.

पद्धत अशी. एक न्यूरल नेटवर्क दोन्ही माणसांचे चेहरे बघून त्यांचा सारांश काढायला शिकतं : मान कुठे वळलीय, तोंड किती उघडं आहे, उजेड कुठून येतोय. मग दोन वेगळी नेटवर्कं त्या सारांशावरून चेहरा पुन्हा रंगवायला शिकतात, एक ‘अ’चा आणि दुसरं ‘ब’चा. शिकून झालं की गंमत करायची. ‘अ’चा सारांश ‘ब’च्या रंगाऱ्याकडे द्यायचा. तो ‘ब’चा चेहरा रंगवतो, पण हावभाव ‘अ’चे.

सुरुवातीच्या काळात हा रंगवलेला चेहरा फक्त ६४ बाय ६४ ठिपक्यांचा असायचा. तो ताणून मोठा करायचा, मूळ डोक्याच्या कोनात वळवायचा, कडा मिसळायच्या, रंग जुळवायचा आणि चिकटवायचा.

या चिकटवाचिकटवीत खुणा राहतात. खऱ्या फोटोत कॅमेऱ्याच्या सेन्सरमुळे सगळीकडे एकाच जातीचे बारीक दाणे असतात. चिकटवलेल्या चेहऱ्यावर ते दाणे नसतात किंवा वेगळे असतात. ताणून मोठा केल्यामुळे गाल आजूबाजूच्या मानेपेक्षा किंचित गुळगुळीत होतो. रंगाऱ्या नेटवर्कने लहान चित्राचं मोठं करताना जाळीसारखी हलकी नक्षी सोडलेली असते. आणि कडा मिसळल्या त्या पट्ट्यात दोन प्रकारचे दाणे एकत्र आलेले असतात.

डोळ्याला यातलं जवळपास काहीच दिसत नाही. क्लासिफायरला मात्र दिसतं. क्लासिफायर म्हणजे हजारो खरी आणि खोटी चित्रं दाखवून ‘खरं की खोटं’ एवढंच उत्तर द्यायला शिकवलेलं नेटवर्क. हा चेहरा ओळखीचा आहे का, बाई अशी वागेल का, याचा ते विचार करत नाही. चांगलं चित्र मिळालं तर ते मुख्यतः हेच दाणे, हीच जाळी आणि हेच पट्टे वाचतं.

आता आपले २० आणि ४ आठवा. समजा मानेवरच्या चौकोनात बारीक दाण्यांचा आकडा २० आहे आणि चिकटवलेल्या गालावर ४. यंत्र हा फरक वाचून सांगू शकत होतं की गाल आणि मान एका कॅमेऱ्यातून आलेले नाहीत. फोटो दाबून साठवला आणि दोन्ही शून्य झाले. गाल आणि मान सारखेच दिसू लागले. खोटं करणाऱ्याने काहीही जास्तीचं केलेलं नाही. त्याची चूक फोटो हलका करणाऱ्या गणिताने पुसून टाकली.

२०१९ : म्युनिकमधली मोजणी

हे नुसतं तर्काने नाही, मोजून दाखवलं गेलंय. जर्मनीतल्या म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतले आंद्रेआस रॉसलर, मॅथियास नीसनर आणि इटलीतल्या नेपल्सच्या लुइसा वेर्दोलिवा यांच्यासह एका गटाने २०१९ मध्ये ‘फेसफोरेन्सिक्स प्लस प्लस’ नावाचा व्हिडिओसंच मांडला. यूट्यूबवरून घेतलेले १,००० खरे व्हिडिओ, आणि त्या प्रत्येकावर चार वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली फेरफार. काही पद्धती पूर्ण चेहरा बदलणाऱ्या, काही फक्त हावभाव बदलणाऱ्या.

त्यांनी केलेली हुशारी अशी की प्रत्येक व्हिडिओ तीन रूपांत ठेवला. एक न दाबलेला, एक हलकासा दाबलेला आणि एक चांगलाच दाबलेला. व्हिडिओसाठी एच.२६४ नावाची पद्धत वापरली जाते. तिच्यातही चौकोन, भागाकार आणि शून्य हाच खेळ चालतो. हलक्या रूपाला ते c23 म्हणतात आणि जास्त दाबलेल्याला c40. हा आकडा जितका मोठा, तितका भाजक मोठा.

आता निकाल बघा. त्यांच्या तुलनेत सर्वांत चांगला ठरलेला क्लासिफायर ‘एक्सेप्शननेट’ न दाबलेल्या चित्रांवर ९९ टक्क्यांहून थोडा जास्त बरोबर होता. c23 वर जवळपास ९६. आणि c40 वर ८१.

याहून बोलका निकाल एका जुन्या पद्धतीचा आहे. चित्रात गुप्त संदेश लपवलाय का, हे शोधण्यासाठी दाण्यांचं मोजमाप करायची एक पद्धत आधीपासून होती. तीच इथे लावून बघितली. न दाबलेल्या चित्रांवर ती ९७ टक्क्यांच्या वर गेली. c23 वर ७१. आणि c40 वर ५६! नाणं उडवलं तरी ५० टक्के बरोबर येतंच की. ही पद्धत फक्त दाण्यांवर जगत होती. दाणे गेले, पद्धत गेली.

एक्सेप्शननेट ८१ वर का थांबलं, आणखी खाली का गेलं नाही? कारण दाण्यांशिवाय त्याने मोठ्या चुकाही शिकल्या होत्या : दातांचा एकसलग पांढरा पट्टा, भुवईजवळची विचित्र कड, डोळ्यांचा हरवलेला आकार. या चुका मोठ्या असल्याने दाबल्यावरही थोड्याफार टिकतात. पण चेहरा बदलणारी सॉफ्टवेअरं सुधारली की आधी याच चुका कमी होतात. तेव्हा या ८१ वर कायमचा भरवसा ठेवता येत नाही.

आणि माणसांचं काय? याच अभ्यासात २०४ जणांना, बहुतेक विद्यार्थ्यांना, चित्रं दाखवली. न दाबलेल्या चित्रांवर ते सुमारे ६९ टक्के बरोबर आले, आणि c40 वर सुमारे ५९. म्हणजे ‘मला बघूनच कळतं’ म्हणणाऱ्या मित्राला हे जरूर सांगा.

किती दाबलंय, हेच माहीत नसेल तर?

इथे एक बारकावा आहे आणि तो खरा महत्त्वाचा आहे. वरचे आकडे ज्या परीक्षेतले आहेत, तिथे यंत्राला ज्या पातळीचे दाबलेले व्हिडिओ दाखवून शिकवलं, त्याच पातळीवर तपासलं. एवढ्या सोयीची परीक्षा बाहेर मिळत नाही.

तुमच्या फोनवर आलेला फोटो कुठून कुठून आलाय बघा. कोणीतरी तो इन्स्टाग्रामवर टाकला, तिथे तो लहान करून पुन्हा जेपीईजी झाला. कोणीतरी स्क्रीनशॉट काढला, कडा कापल्या. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, पुन्हा लहान झाला, पुन्हा दाबला गेला. (व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं फॉरवर्ड केलं तर सहसा तीच फाइल पुढे जाते. पण सेव्ह करून, कापून, परत पाठवली की नव्याने दाबली जाते.) लहान करणं म्हणजे शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढणं. ४०० ठिपके रुंद चेहरा १०० वर आला की चार बाय चार, म्हणजे सोळा ठिपक्यांच्या जागी एकच ठिपका उरतो. आणि कडा कापल्यावर ८ बाय ८ च्या चौकोनांची जागा सरकते, म्हणून पुढच्या वेळी जुन्या चौकोनांच्या रेषांवर नव्या चौकोनांच्या रेषा बसतात. म्हणजे एकीकडे खऱ्या खुणा पुसल्या जातात आणि दुसरीकडे नव्या, निरर्थक खुणा तयार होतात.

म्युनिकच्या गटाने हेही तपासलं. त्यांनी १,००० चित्रांची एक छुपी परीक्षा ठेवली. त्यातले व्हिडिओ वेगवेगळ्या, आधी न सांगितलेल्या प्रकारे लहान केलेले आणि दाबलेले होते, आणि त्यातली मुद्दाम कठीण फ्रेम निवडली होती. तिथे तेच एक्सेप्शननेट एकूण ७० टक्क्यांच्या आसपास आलं. पण आतला तपशील वाचून मी जरा थांबलोच. खोटी चित्रं त्याने बऱ्यापैकी पकडली. खरी चित्रं मात्र सुमारे ५२ टक्केच खरी म्हणून ओळखली. म्हणजे जवळपास निम्म्या खऱ्या चित्रांना ते खोटं म्हणालं!

असं का झालं असावं, ते आता तुम्हीच सांगू शकाल. चौकोनांच्या रेषा, पुसट गाल, तुटक कडा. दाबून दाबून खराब झालेला खरा चेहरा यंत्राला चिकटवलेल्या चेहऱ्यासारखा दिसतो.

पुढच्याच वर्षी फेसबुकने मोठी स्पर्धा घेतली. पैसे देऊन, संमती घेऊन अभिनेते बोलावले, एक लाखाहून जास्त क्लिप बनवल्या. दोन हजारांहून अधिक स्पर्धक उतरले. सर्वांसमोर असलेल्या चाचणीसंचावर सर्वांत चांगला आकडा ८२ टक्क्यांच्या पुढे होता. मग जून २०२० मध्ये लपवून ठेवलेल्या, इंटरनेटवरचेही व्हिडिओ असलेल्या संचावरचा निकाल जाहीर झाला. विजेत्याचे गुण होते ६५ टक्के. या घसरणीला कॉम्प्रेशन हे एकच कारण नव्हतं, अनोळखी पद्धतीने बनवलेले व्हिडिओही होते. पण धडा तोच : ज्या दर्जाच्या आणि ज्या प्रकारच्या चित्रांवर शिकलात, त्याबाहेर गेलात की पाय घसरतो.

मग शिकवतानाच मुद्दाम दाबलेले, लहान केलेले, अंधुक केलेले फोटो दाखवले तर? तसं करतात आणि फायदाही होतो. यंत्र दाण्यांवर कमी आणि मोठ्या खुणांवर जास्त विसंबायला शिकतं. पण जो आकडा शून्य झाला, तो कितीही शिकवलं तरी परत येत नाही. शिवाय शिकवताना एक सापळा असतो. खोटे व्हिडिओ खऱ्यांपेक्षा एकदा जास्त सेव्ह झालेले असतील, तर यंत्र चेहरा सोडून ‘दोनदा दाबलेलं म्हणजे खोटं’ एवढंच शिकून बसतं. परीक्षेत पहिला नंबर, आणि ग्रुपवरच्या आजीच्या वाढदिवसाच्या फोटोला फेक!

‘८१ टक्के’ म्हणजे नक्की काय?

एक छोटा हिशोब करू. समजा एखाद्या दिवशी तुमच्यासमोर १,००० फोटो आले. त्यातले १० खोटे आहेत, ९९० खरे. यंत्र दोन्ही बाजूंना ८१ टक्के बरोबर आहे असं धरू. ते १० पैकी साधारण ८ खोटे पकडेल. आणि ९९० खऱ्यांपैकी १९ टक्क्यांना, म्हणजे साधारण १८८ फोटोंना, खोटं म्हणेल. एकूण १९६ वेळा ‘फेक’ची पाटी लागली, त्यातली बरोबर फक्त ८.

आता दुसरी बाजू बघा. कोणा पुढाऱ्याचा खरा, पण फिरून फिरून खराब झालेला व्हिडिओ बाहेर आला. त्याने एका डिटेक्टरचा स्क्रीनशॉट दाखवला, ‘बघा, फेक म्हणतंय’. त्यालाही हे यंत्र तितक्याच सहज उपयोगी पडेल. म्हणून दाबलेल्या फोटोवरचा निकाल दोन्ही दिशांनी कच्चा असतो. ‘खरा’ म्हटलं म्हणून त्या मुलीला खोटं पाडता येत नाही, आणि ‘फेक’ म्हटलं म्हणून कोणी सुटत नाही.

मग पकडतात कसं?

नोव्हेंबर २०२३ आठवतो? लिफ्टमध्ये शिरणाऱ्या एका बाईच्या व्हिडिओवर रश्मिका मंदानाचा चेहरा लावलेला होता आणि तो देशभर फिरला. तो खोटा आहे याची सर्वांत पक्की खूण कुठल्या टक्केवारीत नव्हती. मूळ व्हिडिओ सापडला. तो ऑक्टोबरमध्येच एका दुसऱ्या महिलेने स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेला होता. तेच कपडे, तीच लिफ्ट, तीच हालचाल, चेहरा वेगळा. दोन्ही शेजारी ठेवले की वाद संपला. शिवाय फिरणाऱ्या व्हिडिओच्या सुरुवातीला क्षणभर मूळ चेहराही दिसत होता.

यातली मजबुती कशात आहे? कपडे, भिंत, हालचाल या मोठ्या, ढोबळ गोष्टी आहेत. त्या त्या ८ बाय ८ चौकोनातल्या पहिल्या काही आकड्यांत बसतात, आणि ते आकडे भागाकारातून टिकतात. कितीही दाबा, लिफ्ट लिफ्टच राहते.

म्हणून असा फोटो किंवा व्हिडिओ तुमच्या हातात आला तर स्क्रीनशॉट काढून डिटेक्टरमध्ये टाकू नका. स्क्रीनशॉटने उरलेसुरले दाणेही जातात. जिथे तो पहिल्यांदा दिसला ती लिंक आणि वेळ जपा, मिळाली तर आलेली फाइल आहे तशी ठेवा, पुन्हा सेव्ह करू नका. व्हिडिओ असेल तर एखादी स्वच्छ फ्रेम गुगल लेन्समध्ये टाकून मूळ शोधा, विशेषतः चेहरा वगळून कपडे आणि मागची जागा ठेवून. ज्याच्याबद्दल आहे त्याला तक्रार करायची असेल तर cybercrime.gov.in वर हीच लिंक आणि हीच फाइल कामाला येते. आणि तपासायला द्यायचंच असेल, तर साखळीतली सर्वांत जुनी, सर्वांत जड कॉपी द्या.

सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर आता तुम्हाला कळलं असेल. चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोवर यंत्र ‘खरा, ८० टक्के’ म्हणालं, तर त्यातून एवढंच कळतं की या कॉपीत त्याला काही सापडलं नाही. सापडण्यासारखं जे होतं ते वाटेतच शून्य झालेलं असू शकतं. तोवर त्या मुलीचं ऐका आणि मूळ शोधा.

पुढच्या भागात कॅमेऱ्याच्या सेन्सरचे दाणे पोलिसांना एखाद्या फोनपर्यंत कसे नेऊ शकतात, ते बघू. तोवर काळजी घ्या, आणि हा भाग शेअर करताना लिंक पाठवा बरं का, स्क्रीनशॉट नको!